अनुभव धागा: आपलीच एंट्री आपल्याला पास का करता येत नाही?

रेवा
माझी बदली बँकेच्या सेंट्रल प्रोसेसिंगमध्ये झाली आहे. शाखांकडून आरटीजीएस-एनईएफटीचे फॉर्म स्कॅन होऊन येतात, आम्ही मेकर म्हणून ते भरतो आणि चेकर पास करतो. महिनाअखेरीला एक चेकर रजेवर होत्या, म्हणून दुपारपासून मला चेकरचे अधिकार मिळाले. सकाळी मी भरलेल्या एंट्र्या रांगेत दिसत होत्या, पण पास करायला गेले की नकार. इतरांच्या मात्र धडाधड पास होत होत्या. दोन्ही अधिकार असूनही असं का? तुमच्याकडे काय अनुभव आहेत?

ताळेबंद
निवृत्त आहे, पण आयुष्य याच खात्यात गेलं. सिस्टिम तुमचं पद विचारतच नाही. एंट्रीवर सकाळीच तुमचा यूजर आयडी आणि वेळ चिकटली आहे, आणि पास करणारा आयडी तोच निघाला की नकार. तुम्हाला उद्या मॅनेजर केलं तरी ती एंट्री तुमच्याच्याने पास होणार नाही.

याचंच दुसरं टोक नव्या चेकरना माहीत नसतं. पास करताना रकमेत एक शून्य कमी दिसलं, तर त्याने ते स्वतः दुरुस्त करायचं नाही, एंट्री कारण लिहून मेकरकडे परत पाठवायची. काही सिस्टिममध्ये चेकरला बदल करता येतो, पण बदल केला की तोच मेकर ठरतो आणि पास करायला तिसरा माणूस शोधावा लागतो. संध्याकाळी यावरून फार चिडचिड होते, कारण एकही एंट्री पास व्हायची राहिली तर डे एंड पुढे सरकत नाही.

मुलुंडकर
मला हे सगळं थोडं जास्तच वाटतं. फॉर्मवर लाभार्थ्याचं नाव असतं. खाते क्रमांक चुकला तर नाव जुळणार नाही आणि समोरची बँक पैसे परत पाठवेल. मग चेकर वेगळं काय करतो?

ताळेबंद
मुलुंडकर, इथेच बहुतेकांची फसगत होते. आरटीजीएस आणि एनईएफटीत पैसे फक्त खाते क्रमांकावर जमा होतात. नाव संदेशात जातं, पण समोरची बँक ते जुळवून बघायला बांधील नाही. त्या क्रमांकाचं खातंच नसेल तर पैसे परत येतात. खातं चालू असेल तर जमा.

आमच्याकडची केस सांगतो. एका कारखानदाराचा आरटीजीएस, रक्कम ४,८५,००० रुपये. फॉर्मवर खाते क्रमांकाचा शेवट ४१७३, मेकरने भरला ४१३७. योगायोगाने त्या क्रमांकाचं खातं त्याच शाखेत जिवंत होतं. चेकरने पडद्यावरचा आकडा फॉर्मशी ताडून पाहिला आणि मान डोलावली. वाचताना डोळा सुरुवातीचे चार आणि शेवटचे दोन अंक धरतो, मधले आपोआप बरोबर वाटतात. इथे तर शेवटचेच उलटे होते, तरी निसटले. दोन दिवसांनी पुरवठादाराने पैसे आले नाहीत म्हणून फोन केला, तेव्हा उलगडा. समोरच्या बँकेने खात्यावर होल्ड लावला, पण पैसे काढायला त्या खातेदाराची संमती हवी, आणि त्याने त्यातले थोडे खर्चून टाकले होते. बाकीचे मिळवण्यात महिने गेले.

त्यानंतर चेकरचा पडदाच बदलला. आता खाते क्रमांक आणि रक्कम त्याला दिसत नाहीत, रकाने कोरे असतात. फॉर्म बघून त्याने दोन्ही नव्याने टाइप करायचे. मेकरशी जुळले तरच पुढे. दोन वेगळ्या माणसांकडून नेमके तेच दोन अंक उलटे होण्याची शक्यता फार थोडी. एकाच माणसाकडून मात्र ती बरीच असते, कारण एकदा चुकीचं वाचलेलं तो दुसऱ्यांदाही तसंच वाचतो.

मुलुंडकर
मान्य. पण आता पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दिसतं ना?

ताळेबंद
दिसतं. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०२५ पर्यंत ती सोय द्यायला सांगितली होती, नेटबँकिंगला आणि शाखेतही. पण दिसलेलं नाव वाचून थांबायचं काम माणसाचंच आहे.

खजिनदार_काका
आमच्या सोसायटीतही हाच त्रास. नेटबँकिंगला मी पेमेंट टाकतो आणि सेक्रेटरी मंजूर करतात. ते गावी गेले की लिफ्टवाल्याचं बिल अडतं. बँकेला म्हटलं, माझ्या एकट्याच्या नावावर करा. म्हणाले, ठराव आणा. हा बँकेचा हट्ट की नियम?

रेवा
काका, ती तुमच्या खात्याची चालवण्याची पद्धत आहे, चेकवर दोन सह्या लागतात तशीच. इथे बँकेच्या आतलं चाललंय. सेक्रेटरींना मोबाइलवरून मंजुरी देता येते का, एवढं बघा.

लेखापरीक्षा
मी कंकरंट ऑडिट करते. खरी अडचण सिस्टिमची नाही, पासवर्डची असते. चेकर जेवायला जाताना आयडी उघडा ठेवून जातो, किंवा पासवर्ड शेजाऱ्याला सांगून ठेवतो. कागदावर दोन माणसं, प्रत्यक्षात एकच.

पकडायचं कसं? मी एंट्रीची वेळ आणि पास केल्याची वेळ शेजारी ठेवते. तीन पानी फॉर्म असलेलं पेमेंट नऊ सेकंदांत पास झालेलं असेल, तर कुणी काही वाचलेलं नाही. मग दोन्ही आयडी एकाच मशीनवरून चाललेत का ते बघते. शेवटी हजेरीची यादी. रजेवरच्या माणसाच्या आयडीने पेमेंट पास झालेलं दिसलं, की पुढे बोलायला काही उरत नाही. बोटाच्या ठशाने लॉगिन आल्यावर हे कमी झालं, थांबलं असं म्हणणार नाही.

आणि यात मेकर-चेकर काहीच करू शकत नाही, तेही सांगते. एकच फॉर्म सकाळी ईमेलने आणि दुपारी स्कॅनने आला आणि दोन मेकरनी दोनदा भरला, तर चेकरला दोन्ही एंट्र्या बरोबरच दिसतात. फॉर्मवरची सही खोटी असेल, तरी दोघंही खोटंच काम बिनचूक करतात.

रात्रपाळी
मी हैदराबादहून परदेशी बँकेचं लोन ऑपरेशन्स बघतो. आमच्याकडे मेकर, चेकर आणि वर अप्रूव्हर असतो. आम्हाला ट्रेनिंगमध्ये सिटीबँकेचं रेव्हलॉन प्रकरण शिकवतात. ऑगस्ट २०२० मध्ये रेव्हलॉन कंपनीच्या कर्जाचं साधारण ७८ लाख डॉलर व्याज कर्ज देणाऱ्यांना द्यायचं होतं. मुद्दल बाहेर जाऊ नये, बँकेच्या अंतर्गत खात्यात वळावी, यासाठी सिस्टिममध्ये `PRINCIPAL`, `FRONT` आणि `FUND` हे तिन्ही रकाने भरायला हवे होते. भरला फक्त `PRINCIPAL`. जवळपास ९० कोटी डॉलर बँकेच्या खिशातून कर्ज देणाऱ्यांकडे गेले. तिघांनी पाहिलं, तिघांना बरोबर वाटलं. त्यातले सुमारे ५० कोटी काहींनी परत दिलेच नाहीत. फेब्रुवारी २०२१ मध्ये बँक कोर्टात हरली, सप्टेंबर २०२२ मध्ये अपिलात निकाल फिरला.

माझं मत, माणसं वाढवून उपयोग नाही. तिघंही एकाच चुकीच्या समजुतीने तोच पडदा बघत असतील, तर ती एकच तपासणी तीनदा झाली.

ताळेबंद
अर्धंच पटलं. तिथे कमतरता पडद्यात होती. आज किती पैसे बाहेर जाणार, हे पास करण्याआधी ठळक दिसलं असतं तर दुसरा माणूस थबकला असता.

दापोली_शाखा
आमच्या शाखेत मॅनेजर आणि मी, एवढेच. पावसात मॅनेजर अडकले की काउंटरसमोर माणूस उभा आणि आरटीजीएस माझ्या एंट्रीवर थांबलेला. शेजारच्या शाखेतल्या चेकरला पास करायला सांगा, असं वरून आलंय. पण मूळ फॉर्म आणि सही माझ्यापाशी, तो फक्त मी पाठवलेला स्कॅन बघणार. मी जे दाखवीन तेच त्याला दिसणार. लेखापरीक्षा ताई, तुम्ही ऑडिटला आलात तर हे चालवून घ्याल का?

लेखापरीक्षा
स्कॅन थेट सिस्टिमला जोडलेला असेल आणि रकमेला मर्यादा असेल तर घेईन. मोबाइलवर फोटो पाठवून पास करून घेतलं असेल तर शेरा मारीन. खातेदाराला त्या चेकरने बँकेत नोंदलेल्या क्रमांकावर स्वतः फोन करावा, असं मी एकदा सुचवलं होतं. अजून कुणी ते मनावर घेतलेलं नाही.