मदत हवी आहे: फाउंडरच्या व्हॉट्सअ‍ॅप मेसेजचं पत्र कसं करू?

घाटमाथा: रविवारपर्यंत हवंय. आमचे सर दर महिन्याला गुंतवणूकदारांच्या ग्रुपवर लिहितात. या वेळचं असं: "मंडळी, महिना जबरदस्त! १८ लाख आले, खर्च १९. रनवेची चिंता नको. ओळखीपाळखी असतील तर सांगा 🙏" याचं नीट मासिक पत्र करायचं काम माझ्या गळ्यात आलंय. कुणाकडे फॉरमॅट आहे का?

कोरा_चेक: फॉरमॅट राहू दे. १८ लाखांची बिलं झाली की पैसे खात्यात आले? शिल्लक किती? धंदा कसला?

घाटमाथा: आले खात्यात, जीएसटी सोडून. शिल्लक ९२. दूध संकलन केंद्रांना सॉफ्टवेअर देतो. हां, १८ मधले १२ म्हणजे एका दूध संघाने वर्षाचे आगाऊ भरलेत.

नानासाहेब: सध्या बाजार पडलाय, एसआयपी थांबवू नका.

कोरा_चेक: नाना, धागा वेगळाय. घाटमाथा, ते १२ पुढचे अकरा महिने येणार नाहीत. नेहमीची जमा ६, खर्च १९, म्हणजे दरमहा १३ लाख जातात. सरांच्या हिशेबाने जातो १ लाख. शिवाय त्या १२ वरचा २.१६ लाख जीएसटी खात्यात पडून असेल, तो २० तारखेला सरकारचा. उरले ९० धर, भागिले १३. सात महिनेही पुरत नाहीत.

ताळेबंद: आगाऊ रक्कम उत्पन्न नसतेच. पत्रात घेऊच नका.

कोरा_चेक: अर्धं बरोबर. त्या १२ पैकी या महिन्याचं उत्पन्न म्हणून १ लाखच धरायचा, पण जमा लपवली तर बँकेची शिल्लक जुळणार कशी? दोन्ही आकडे शेजारी लिही आणि खाली एक ओळ: "१२ लाख आगाऊ आहेत, ११ महिन्यांची सेवा देणं बाकी."

ताळेबंद: संघाने टीडीएस कापला असेल तर १२ पूर्ण आलेच नसतील. आधी बँक स्टेटमेंट बघा.

मीपण_फाउंडर: एवढं खरं लिहू नका हो. मी लिहिलं, तर एकाने पुढचा हप्ताच अडवला.

कोरा_चेक: कधी लिहिलंत?

मीपण_फाउंडर: दोन महिन्यांचे पैसे उरले होते तेव्हा.

कोरा_चेक: मग अडवणारच की! सात महिन्यांचे पैसे उरले असताना सांगितलं असतंत तर त्यालाही काही करता आलं असतं. आणि घाटमाथा, 'ओळखीपाळखी' काढ. "सातारा-सांगलीकडच्या दूध संघाच्या कार्यकारी संचालकांची भेट हवी, या महिन्यात" असं लिही. म्हणजे वाचणारा फोन उचलतो.

घाटमाथा: सर सात महिन्यांवर कसेबसे तयार झालेत. पण जमेतले दोन तृतीयांश एकाच संघाचे, ही जोखीम लिहायची नाही म्हणतात. 'संघवाल्यांना कळलं तर दर पाडतील.'

ताळेबंद: त्यात तथ्य आहे. ग्रुपमधून स्क्रीनशॉट फिरतात.

कोरा_चेक: नाव न घेता लिही, आणि ग्रुपवर नको, ईमेलने पाठव. टीडीएसचं बघितलंस का?

घाटमाथा: अकाउंटंट सुट्टीवर आहे.