मायना कधी बदलायचा?

«पहिल्या पत्रात ‘महोदय’ लिहिलं. आता तिसरं पत्र आहे, तरी तेच लिहू का?»

समोरच्याच्या उत्तराचा शेवट बघा. तिथे ‘आपला विश्वासू’ असेल तर ‘महोदय’ राहू द्या. ‘आपला स्नेहांकित’ आलं, तर पुढच्या पत्रात ‘श्री. …साहेब, स. न. वि. वि.’ आणि खाली ‘आपला’ एवढं पुरतं. मायना आणि शेवट मात्र एकाच पट्टीतले हवेत. वर ‘सप्रेम नमस्कार’ आणि खाली ‘विश्वासू’ हे जुळत नाही.

एक गोष्ट अनुभवातून सांगतो. आमचं सांगलीत हळदीचं अडत दुकान आहे. एका जुन्या खरेदीदाराला वर्षानुवर्षं ‘स. न. वि. वि.’ लिहीत होतो. एकदा पैसे थकले, तेव्हा आठवणीच्या पत्रात नव्या मुलाने ‘महोदय’ आणि ‘आपला विश्वासू’ घातलं. मजकूर अगदी नरम होता, पण त्यांचा लगेच फोन आला, ‘नोटीस पाठवलीत का?’ म्हणून. चालू ओळखीत मागे ‘महोदय’वर जाणं म्हणजे राग दाखवणं, असंच वाचलं जातं. तेव्हापासून तगाद्याच्या पत्रातही आम्ही नेहमीचाच मायना ठेवतो, आणि रक्कम व तारीख मजकुरात स्पष्ट लिहितो.