आरशावरचे पेस्टचे शिंतोडे आणि हेअरस्प्रेचा थर: तुम्ही काय करता?

मीनल_ठाणे: लेक भरतनाट्यम शिकते. कार्यक्रमाच्या आधी अंबाडा बसवायला बेसिनसमोर उभी राहून हेअरस्प्रे मारते. धाकटा ब्रश करता करता गाणी म्हणतो. म्हणजे आरशाचा वरचा भाग हिचा, खालचा त्याचा! ओल्या फडक्याने पुसलं की सगळं दुधाळ होतं आणि वाळल्यावर फराटे उरतात. काचेचं निळं लिक्विड वापरून झालं, साबणाचं पाणीही झालं. आपापले अनुभव लिहा.

उंबरठा: एवढा विचार कशाला? व्हिनेगर आणि पाणी समसमान, वर जुना पेपर. आमची आई हेच करायची, आरसा लख्ख.

गंगावन: पार्लर चालवते, रोज संध्याकाळी चार आरसे पुसते, म्हणून लिहिते. उंबरठा, व्हिनेगर बोअरच्या पाण्याच्या पांढऱ्या डागांवर छान चालतं, स्प्रेवर नाही. स्प्रे म्हणजे स्पिरिटात विरघळवलेला डिंकच समजा. स्पिरिट उडून जातं, डिंक काचेवर बसतो. पाणी लावलं की तो नुसता चिकट होतो आणि फडक्याबरोबर पुढे सरकतो. मीनलताई, तुमचे फराटे बहुतेक तेच.

आधी पेस्टचं बघा. वाळलेली पेस्ट कोरडी घासायची नाही, तिच्यात बारीक खर असते. कोमट पाण्यात फडकं बुडवून घट्ट पिळा आणि डागावर मिनिटभर नुसतं दाबून धरा. मऊ झाली की एका पुसण्यात निघते. मग आरसा कोरडा करा. त्यानंतर मेडिकलमधून आणलेलं आयसोप्रोपिल अल्कोहोल, 70 टक्क्यांचं, फडक्याच्या एका कोपऱ्यावर चमचाभर घ्या. वीतभर भाग पुसला की ते उडायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने ओढून घ्या. मग पुढची वीत. अख्खा आरसा ओला करून मग पुसायला गेलात, की विरघळलेला डिंक परत तिथेच बसलाच. फडक्याची घडीही बदलत राहा.

चहाबाज: माझ्याकडे सॅनिटायझरची जेल पडून होती, तीही अल्कोहोलच ना, म्हणून फासली. थर गेला, पण वर तेलकट ढग आला. दोनदा पाण्याने पुसावं लागलं.

गंगावन: @चहाबाज, जेलमध्ये घट्टपणासाठी आणि हात कोरडे पडू नयेत म्हणून काय काय घातलेलं असतं, तेच राहतं मागे. फडक्याचंही तसंच. कपड्यांच्या कंडिशनरमध्ये धुतलेलं मायक्रोफायबर आरशाला लावू नका, हमखास फराटे उठतात.

दाढीवाले_काका: आमच्याकडे उलट आहे. टूथपेस्ट आरशावर चोळून पुसली की दाढी करताना वाफ धरत नाही. तुम्ही ती काढताय कशाला?

मीनल_ठाणे: काका, आमच्याकडे ती न चोळताच लागते 😄

भिंग_आणि_पारा: काचेच्या कामात आहे. आरशावर थेट फवारू नका, काहीही असो. पाणी ओघळून खालच्या कडेला साचतं, काचेमागे शिरतं, चांदीचा लेप खातं आणि कड काळी पडते. तो डाग पुढून कितीही घासा, जात नाही, मागचाच असतो. व्हिनेगर आणि अमोनियावालं लिक्विड कडेला जास्तच वाईट. अजून एक, हलका, न फुटणारा आरसा असेल तर तो बहुधा ॲक्रिलिकचा. त्याला स्पिरिट लावू नका, बारीक तडे जातात. टिचकी मारून आवाज ऐका, काच टणटणते. आणि हो, स्पिरिट वापरताना गॅस गीझर बंद, खिडकी उघडी.

उंबरठा: आणि पेपरचं काय? आमचा आरसा पेपरनेच चमकतो.

भिंग_आणि_पारा: चालतो की. फक्त हल्ली काही पेपरांची शाई हाताला लागते, मग पांढऱ्या फ्रेमवर बोटं उठतात. मी वापरत नाही.

गंगावन: मी वापरते, शेवटच्या हाताला. ज्याचं त्याचं.

मीनल_ठाणे: रविवारी बसले. टिचकीला टणटणला, म्हणजे काच. खालचे शिंतोडे दाबून धरल्यावर खरंच एका हातात निघाले. वर अंदाज येईना, म्हणून मोबाइलचा टॉर्च आरशाला चिकटवून आडवा धरला, तर लेकीच्या डोक्याच्या उंचीला हातभर रुंद धुरकट पट्टा! उजेड समोरून असताना कधी दिसलाच नव्हता. पहिल्या वीतभरालाच फडकं पिवळट, चिकट झालं. दुसऱ्या फेरीत पट्टा गेला. मात्र डाव्या कोपऱ्यात बारीक गोल रेषा आहेत, ओल्या फडक्याने जातात आणि वाळल्या की परत दिसतात. मागे एकदा तिथे भांड्याचा हिरवा काथ्या घासला होता, खरं सांगते.

भिंग_आणि_पारा: नख फिरवून बघा. अडकलं तर चरा आहे.

मीनल_ठाणे: अडकतंय.