मदत हवी आहे : त्रास देणारा गिऱ्हाईक असेल तर चौकशी कशी करायची?

मालवणला आमची खानावळ आहे. एरवी 8 माणसं, सीझनला 13. दहाच्या वर गेलो म्हणून कामावरच्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती नेमली, बाहेरच्या सदस्य बाईंसकट. परवा सोलकढी वाढताना एका पाहुण्याने आमच्याकडे वाढायला असलेल्या मुलीचा हात धरून ठेवला. तिने लेखी तक्रार दिलीय, सीसीटीव्ही फुटेज काढून ठेवलंय. त्या टेबलावर लगेच दुसरा वाढपी पाठवला (तिला घरी पाठवणं म्हणजे तिलाच शिक्षा). पोलिसांत जायचं तर आम्ही सोबत आहोत, पण तिचं अजून ठरलेलं नाही.

पाहुणा आमचा नोकर नाही, पत्ता पुण्याचा. त्याची बाजू ऐकायला समितीने नोटीस कशी पाठवायची? आणि तो आलाच नाही, तर धोरणात पुढची कारवाई काय लिहायची?