अनुभव धागा : ठिकाण आणि दिवस पक्के करण्याआधी काय विचारावं?

शाहूपुरीकर (धागाकर्ता)
घरच्या सगळ्यांची सहल पहिल्यांदाच आखणाऱ्यांनी ठिकाण आणि दिवस ठरवण्याआधी काय विचारून घ्यावं, ते जाणत्यांनी इथं लिहावं. हवेत बोलणं नको म्हणून एक कच्ची आखणी ठेवतो. कोल्हापुरातून अजिंठा-वेरूळ, गाडी घरची, चालवणारा एकच. सत्तरी ओलांडलेले आईवडील आणि सहा वर्षांची मुलगी बरोबर. शनिवारी प्रवास, रविवारी दौलताबाद आणि वेरूळ, सोमवारी अजिंठा, मंगळवारी परत. चिरफाड करा.

घाटमाथा
सोमवारी अजिंठा बंद असतं. मंगळवारी वेरूळ बंद. म्हणजे तुमची आखणी तिसऱ्या दिवशी अजिंठ्याच्या अलीकडं, फर्दापूरच्या फाट्यावरच संपली.

तेव्हा पहिला प्रश्न हा की, जे बघायला निघालोय ते नेमक्या त्या वारी उघडं आहे का? ताजमहाल शुक्रवारी बंद, हंपीजवळचं कमलापूरचं संग्रहालयही शुक्रवारीच. लोक तारखेला हवामान बघतात, वार बघत नाहीत.

दुसरा प्रश्न, चार दिवसांतले हातात किती? कोल्हापूर ते छत्रपती संभाजीनगर पुण्यावरून साडेचारशे किलोमीटरच्या वर आहे. म्हातारी माणसं आणि मूल बरोबर असलं की थांबे धरून दहा-अकरा तास जातात. जाण्याचा आणि येण्याचा दिवस वजा केला की उरतात दोन. त्या दोन दिवसांत वेरूळ एका बाजूला तीसेक किलोमीटर आणि अजिंठा दुसऱ्या बाजूला शंभर. दोन्ही एका दिवसात बसत नाहीत, त्यामुळं दोन दिवस म्हणजे बरोब्बर दोन ठिकाणं. तिसरं काही कोंबलं की पहिली दोन उरकावी लागतात.

सगळ्यात सोपी दुरुस्ती म्हणजे अदलाबदल, रविवारी अजिंठा आणि सोमवारी वेरूळ. फक्त रविवारी अजिंठ्याला गर्दी असते. त्यापेक्षा गुरुवारी निघा. शुक्रवारी अजिंठा, शनिवारी वेरूळ, रविवारी परत. रजा तेवढ्याच दोन लागतात, दोन्ही लेणी उघडी मिळतात आणि अजिंठा निवांत होतं.

कागलचा_पिंट्या
एवढा हिशेब कशाला राव. शुक्रवारी रात्री जेवून गाडी काढायची, पहाटे तिथं. एक अख्खा दिवस वाचतो, लॉजची रात्रही वाचते.

घाटमाथा
रात्र वाचते, दिवस वाचत नाही. पहाटे पाचला पोचलात तरी बहुतेक हॉटेलांत खोली दुपारी बाराच्या पुढं मिळते. तोवर सत्तरीची माणसं स्वागतकक्षातल्या खुर्चीवर. चालवणारा एकटा, रात्रभर जागा, त्यानं लगेच अजिंठ्याला शंभर किलोमीटर जायचं? दोघं आलटून पालटून चालवणारे असतील, किंवा झोपायची बस असेल आणि खोली आदल्या रात्रीपासून घेतली असेल, तर तुमचं म्हणणं बरोबर आहे. पण मग एका रात्रीचं भाडं वाचलं नाही, हेही धरा.

अनघा_राजारामपुरी
माझ्या मते खरा प्रश्न गुडघ्यांचा. "आई चालू शकते का" असं विचारलं की सगळे हो म्हणतात. विचारायचं असं, "पायऱ्या चढून, तासभर उभं राहून, पुन्हा उतरता येईल का?"

अजिंठ्याला आपली गाडी फर्दापूरच्या फाट्यावर ठेवावी लागते. तिथून पुढं चारेक किलोमीटर लेण्यांच्या बसनं. बसमधून उतरल्यावर चढ आणि पायऱ्या आहेत, त्या झाल्या की लेणी एका रांगेत कड्याला धरून. चित्रांच्या लेण्यांत चपला बाहेर काढाव्या लागतात. उन्हाळ्यात तो दगड तापतो, म्हणून जाड मोजे पिशवीत हवेतच. आत उजेड अगदी मंद, चित्रांसाठी मुद्दाम तसा ठेवलेला, फ्लॅश चालत नाही. उन्हातून आत गेल्यावर डोळे सरावेपर्यंत काहीच दिसत नाही आणि नेमकं तेव्हाच माणूस उंबऱ्याला ठेचकाळतो. चढायला डोली मिळते, पण तिचं भाडं खाली असतानाच ठरवा.

सगळी लेणी बघायचा अट्टहास नको. १, २, १६, १७, १९ आणि २६ एवढी शांतपणे बघितली तरी अर्धा दिवस सहज जातो. वेरूळ त्या मानानं सोपं, कैलास म्हणजे १६ नंबर वाहनतळापासून जवळ आहे. जैन लेणी मात्र लांब, चालत नेऊ नका.

आणि दौलताबाद आईवडिलांसाठी काढूनच टाका. वरपर्यंत भरपूर पायऱ्या आहेत, मध्ये तो अंधारी भुयारी रस्ता. हौस असेल त्यानं एकट्यानं चढावं, बाकीच्यांनी खाली तोफा बघाव्यात.

मंगलाताई
चांगला धागा आहे. आम्हाला तिरुपतीला जायचंय, हरिप्रिया एक्स्प्रेसनं. चार दिवस पुरतील का? आणि बरोबर फराळ काय न्यावा? चिवडा टिकतो, पण धपाटे टिकतील का?

शाहूपुरीकर
मंगलाताई, धागा आखणीचा आहे, फराळाचा नाही :)

घाटमाथा
असू द्या, त्यांच्या प्रश्नात एक कामाची गोष्ट दडलीय. ताई, तुमच्या सहलीची तारीख तुम्ही ठरवणार नाही, दर्शनाचं तिकीट ठरवणार. तीनशे रुपयांच्या दर्शनाची तिकिटं काही महिने आधी ऑनलाइन सुटतात आणि भराभर संपतात. रेल्वेचं आरक्षण मात्र प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडतं. म्हणजे आधी दर्शन, मग गाडी, मग खोली. उलट केलंत तर गाडीचं तिकीट हातात आणि दर्शनाला तासन्‌तास रांग. सगळ्यात अवघड मिळणारी गोष्ट कोणती, हे कुठल्याही सहलीला आधी विचारा आणि बाकीचे दिवस तिच्याभोवती बसवा. दिवसांचं म्हणाल तर दर्शनाची वेळ कळल्याशिवाय चार पुरतील की नाही सांगता येत नाही.

मंगलाताई
बरं झालं विचारलं. गाडीचंच बघत बसले होते. धपाट्यांचं कुणीच सांगितलं नाही.

अनघा_राजारामपुरी
कोरडे भाजलेत तर दोन दिवस. दह्यात मळलेले पहिल्याच दिवशी संपवा.

सांगोलामार्गे
पुण्यावरून जायचा सल्ला का देताय सगळे? शनिवारी असो की गुरुवारी, वाघोलीत अडकलात की वेळापत्रक बोंबललं. सांगोला, मंगळवेढा, सोलापूर, मग तुळजापूर, धाराशिव, बीड. रस्ता मोठा आणि मोकळा. वाटेत तुळजाभवानीचं दर्शनही होतं.

घाटमाथा
रस्ता चांगला आहे, पण साठ-सत्तर किलोमीटर जास्त पडतात. आणि "वाटेत दर्शन" म्हणजे रांगेसकट दोन-तीन तास. एका चालकाला एका दिवसात ते झेपणार नाही. हाच मार्ग घ्यायचा तर एक मुक्काम वाढवा, म्हणजे सहल पाच दिवसांची झाली.

सांगोलामार्गे
वाघोलीतले दोन तास तुम्ही धरलेच नाहीत. पहाटे चारला निघणाऱ्याचं गणित वेगळं, मुलांचं आवरून आठला निघणाऱ्याचं वेगळं.

घाटमाथा
हे मान्य. "आम्ही खरोखर किती वाजता घर सोडतो?" हाही प्रश्न यादीत घ्या. उत्तर मात्र घरातल्या दुसऱ्या कुणाला तरी विचारा.

कागलचा_पिंट्या
गुरुवार ते रविवार आखणीत रविवारी संध्याकाळी पुण्यात शिरायचं, सगळं पुणं परत येत असताना. आणि सोमवारी सकाळी मुलीची शाळा. त्यापेक्षा शनिवार-मंगळवारच अदलाबदल करून बरा. मंगळवारी रस्ता मोकळा असतो.

अनघा_राजारामपुरी
यात पिंट्याचं पटतं. रविवारची अजिंठ्याची गर्दी सकाळी नऊला दार उघडताना पोचलं तर टळते. त्यासाठी पहिली रात्र शहरात न काढता फर्दापूरला काढायची. पण मग शनिवारचा प्रवास आणखी शंभर किलोमीटर लांबतो.

शाहूपुरीकर
तो लांबवणं एका चालकाला शक्य नाही. शनिवारी शहरातच थांबतो, रविवारी सहाला निघतो, सोमवारी वेरूळ. दौलताबाद कापलं. रजा टाकायच्या आधी शाळेच्या परीक्षेचं वेळापत्रक बघायचं राहिलंय, ते उद्या बघतो.