नाव बदललं, पण मुलाखतीत जुनं नाव उरतंच

> "मुलाखतींतली नावं फाइंड-रिप्लेसने बदलतोय, तरी खरं नाव कुठेतरी राहतंच. आणि नवी नावं वाचताना खोटी वाटतात."

मराठीत नाव विभक्तीत रूप बदलतं, म्हणून राहतं. समजा लालबागच्या चाळीतल्या आशा तुकाराम शिंदे आहेत. 'शिंदे' शोधलंत तर 'शिंद्यांकडे' सुटतं. म्हणून 'शिंद' एवढाच तुकडा शोधा. 'आशा' शोधल्यावर 'आशे' ही हाक सुटते आणि उलट 'आशावादी', 'आशा वर्कर'ही सापडतात, तेव्हा 'रिप्लेस ऑल' नकोच, एकेक ठिकाण बघून बदला.

नवं नाव त्याच पिढीचं, त्याच समाजाचं आणि शक्यतो त्याच शेवटाचं घ्या. इथे शोभा मोरे चालेल: 'शिंद्यांकडे'चं 'मोऱ्यांकडे' होतं, वाक्याला धक्का लागत नाही. कुलकर्णी केलंत तर वाचणारा अख्खी मुलाखत वेगळ्या जातीच्या चष्म्यातून वाचेल. सत्तरीच्या बाई 'रिया' झाल्या की खोटेपणा लगेच कळतो.

सगळ्यात जास्त फसतं ते मधलं नाव. तुकारामचा काशिनाथ केला, तर मुलाच्या 'संतोष तुकाराम'चाही काशिनाथच व्हायला हवा, मग तो दुसऱ्याच मुलाखतीत का येईना. त्यामुळे नावांचा तक्ता मुलाखतवार न ठेवता कुटुंबवार ठेवा, माहेरच्या नावासकट. तो मुलाखतींच्या फोल्डरमध्ये नको, वेगळा, पासवर्ड लावून.

आणि नाव बदलूनही 'चाळ कमिटीची पहिली बाई सेक्रेटरी' तसंच राहिलं, तर चाळीतलं पोरही ओळखेल. तिथे 'कमिटीतल्या एक बाई' करा.