‘जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर’: या सूचनेतील ‘भरपूर’ आणि ‘बरोबर’ यांचा नेमका अर्थ काय?

सोलापूरची सून
माझ्या सासूबाई 68 वर्षांच्या आहेत. पायांवरची सूज उतरावी म्हणून त्यांना लघवी वाढवणारी गोळी चालू आहे. गेल्या आठवड्यात रक्तातील पोटॅशियम 3.1 आल्यामुळे डॉक्टरांनी पोटॅशियम क्लोराइडचे सिरप 15 मिली, दिवसातून 2 वेळा, 5 दिवसांसाठी लिहून दिले. औषधाच्या दुकानातून मिळालेल्या चिठ्ठीवर ‘जेवणानंतर, भरपूर पाण्याबरोबर’ एवढेच लिहिलेले होते. सासूबाईंनी सकाळी चहा-बिस्किटानंतर टोपणाने मोजून सिरप सरळ तोंडात ओतले आणि वर 2 फुलपात्रे पाणी प्यायल्या. अर्ध्या तासात पोटात आग पडली आणि मळमळू लागले. त्यातच हृदयाच्या त्रासामुळे त्यांना दिवसभरात दीड लिटरपेक्षा जास्त पाणी पिऊ नये असेही सांगितलेले आहे. मग ‘भरपूर’ म्हणजे किती आणि ‘बरोबर’ म्हणजे कसे, हे शब्दांच्या जाणकारांनी सांगावे.

डाळिंबवाला
मूळ घोळ ‘पोटॅशियम’ या शब्दातच आहे. आपल्याकडे नत्र, स्फुरद, पालाश असे चांगले मराठी शब्द शेतकऱ्याच्या तोंडी बसलेले आहेत, तेव्हा चिठ्ठीवरही पालाशच लिहावे.

निवृत्त औषधविक्रेता
पालाश हा शब्द उत्तम आहे, परंतु तो शेतातच राहू द्यावा; चिठ्ठीवर पालाश वाचून एखाद्याने कृषी सेवा केंद्र गाठले तर काय करायचे? विचारलेला प्रश्नही तो नाही. तरीही तुमच्या शेतातील एक गोष्ट येथे उपयोगी पडते. म्युरिएट ऑफ पोटॅश नावाचे जे खत तुम्ही वापरता, तेही रासायनिकदृष्ट्या पोटॅशियम क्लोराइडच असते. ते मूठभर घेऊन रोपाच्या मुळाशी टाकले तर मुळी करपते आणि भरपूर पाण्यात विरघळवून दिले तर तेच रोप ते सुखाने घेते. जठराच्या आतल्या नाजूक अस्तराचेही असेच आहे. हा क्षार तीव्र स्वरूपात एकाच जागी टेकला की तेथे दाह होतो, आणि पातळ होऊन अन्नात मिसळला की तितका बोचत नाही.

आता ‘बरोबर’ या शब्दाविषयी. गोळी पाण्या*बरोबर* घेतात, कारण ती अखंड गिळायची असते आणि पाण्याने ती अन्ननलिकेत न अडकता खाली जावी एवढाच हेतू असतो. सिरप मात्र पाण्या*तून* घ्यायचे असते. 15 मिली सिरप किमान अर्धा पेला, शक्यतो पेलाभर गार पाण्यात आधी ढवळून, घोट घोट करत 5 ते 10 मिनिटांत संपवावे. आधी सिरप गिळून ‘वर पाणी’ प्यायल्यास पहिली काही मिनिटे जठरात तीव्र द्रावणच असते, आणि सासूबाईंच्या बाबतीत बहुधा तेच घडले. चिठ्ठीवर ‘पाण्यातून’ लिहिले असते तर कदाचित हा प्रसंग टळला असता.

माळरान
माझा अनुभव वेगळा आहे. वडिलांना पोटॅशियमच्या गोळ्या होत्या. शौचातून गोळी जशीच्या तशी पडलेली दिसली, तेव्हा ती विरघळतच नाही असे समजून आम्ही ती कुटून ज्वारीच्या भाकरीच्या काल्यात घालू लागलो. ‘जेवणासोबत’ याचा अर्थ जेवणात मिसळून असाच होतो ना? भाकरीमुळे पोटाला अस्तरही मिळते.

निवृत्त औषधविक्रेता
अन्नामुळे पोटाला संरक्षण मिळते, हे आपले म्हणणे रास्त आहे, मात्र कुटण्याचे मुळीच नाही. या गोळ्या बहुतेक करून औषध काही तासांत थोडे थोडे सुटावे अशा घडणीच्या असतात. औषध निघून गेल्यावर मेणासारख्या पदार्थाचे रिकामे कवच तेवढे बाहेर पडते, आणि आपल्याला दिसली ती गोळी नसून बहुधा ते कवच होते. गोळी कुटली किंवा चावली की अनेक तासांचा डोस एकदम मोकळा होतो, म्हणजे जी तीव्रता टाळण्यासाठी ही घडण केली तीच आपण हाताने परत आणतो. 1960च्या दशकात आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या आवरणाच्या गोळ्या प्रचारात होत्या. त्यांतील क्षार लहान आतड्यात एकाच ठिकाणी सुटल्याने तेथे व्रण झाल्याची प्रकरणे पुढे आली आणि त्या मागे पडल्या. गिळणे जमत नसेल तर डॉक्टरांना सांगून सिरप मागून घ्यावे. गोळी घेतल्यावर निदान अर्धा तास आडवे होऊ नये, ही सूचना मी दुकानात तोंडीच देत असे, कारण जेवून लगेच वामकुक्षी घेणारे गिऱ्हाईक आमच्याकडे पुष्कळ.

शुद्धलेखन
‘जेवणानंतर’ या शब्दाला माझी हरकत आहे. नंतर म्हणजे हात धुतल्यावर की 2 तासांनी? आमच्या घरी ‘जेवणावर घे’ असे म्हणत, आणि त्यात पोट भरलेले असतानाच घ्यायचे हे आपोआप येते. त्याच्या उलट ‘अनशापोटी’ हा शब्द तर इतका नेमका आहे की ‘अनशापोटी घेऊ नये’ एवढे लिहिले तरी पुरे.

निवृत्त औषधविक्रेता
‘जेवणावर’ मला मान्य आहे. परंतु ‘अनशापोटी घेऊ नये’ असे लिहिले की चहा-बिस्किट खाल्ले म्हणजे आता अनशापोटी नाही, असा अर्थ लोक लावतात, आणि सासूबाईंनीही नेमका तोच लावला.

‘भरपूर’ हा शब्द मात्र मला पूर्णपणे टाकाऊ वाटतो. तो त्या एका मात्रेसाठी असतो, दिवसासाठी नसतो. 200 मिलीचा पेला धरला तर 2 मात्रांचे 400 मिली पाणी होते, आणि ते दीड लिटरमध्येच मोजायचे. म्हणजे चहा, ताक, आमटी धरून उरलेल्या दिवसाला 1100 मिली राहतात. प्रत्येक वेळी वर आणखी 2 पेले प्यायल्यास 800 मिली वाढतील आणि उरलेल्या दिवसाला फक्त 300 मिली राहतील, जे सोलापूरच्या मे महिन्यात कोणालाही जमणार नाही. मग मर्यादा मोडेल आणि सूज वाढेल. म्हणून ‘पेलाभर’ लिहावे.

डाळिंबवाला
पाण्याऐवजी नारळपाण्यातून दिले तर? दोन्हींत पालाशच आहे.

निवृत्त औषधविक्रेता
म्हणूनच ते आपल्या मनाने देऊ नये. डॉक्टरांनी मोजून दिलेल्या मात्रेत न मोजलेली भर पडते, आणि मूत्रपिंड दुबळे असेल तर ती हृदयाला घातक ठरू शकते. कमी सोडियमच्या मिठातही हाच क्षार असतो, तेव्हा घरात ते वापरत असल्यास डॉक्टरांच्या कानावर घालावे.

सोलापूरची सून
आज दुपारी भाकरी, भाजी आणि ताक झाल्यावर पेलाभर पाण्यात सिरप ढवळून दिले. चव खारट-कडवट लागल्याची तक्रार झाली, पण आग पडली नाही. नवी चिठ्ठी अशी लिहिली आहे: ‘जेवणावर, पेलाभर पाण्यातून, घोट घोट.’ आता एकादशीला काय करावे? सासूबाई फराळाला जेवण मानत नाहीत.

शुद्धलेखन
भाषेच्या दृष्टीने त्यांचेच खरे आहे.

निवृत्त औषधविक्रेता
जठराच्या दृष्टीने साबुदाण्याची खिचडी हे जेवणच आहे, तेव्हा फराळावर द्यावे. निर्जळी उपवास धरणार असतील तर मात्र आदल्या दिवशीच डॉक्टरांना विचारावे. आणि पाण्यातून देऊनही उलट्या थांबत नसतील, पोटात तीव्र दुखत असेल किंवा शौच डांबरासारखे काळे होत असेल, तर शब्दाची चर्चा न करता औषध थांबवून ताबडतोब दवाखाना गाठावा.

शुद्धलेखन
‘जेवणावर’ छापील चिठ्ठीवर चालेल का, याविषयी अजून मला शंका आहे. पुण्याकडच्या वाचकाला ते बोलीतले वाटेल.

माळरान
चिठ्ठी सोलापुरात वाचली जाणार आहे.